रिझर्व्ह फंड खंडव्याला

मी मनात अढी ठेवणारी बाई आहे. लोक म्हणतात की वय झालं की माणूस निवळतं. मी नाही निवळले. म्हणून हे लिहिताना उगीच मोठेपणाचा आव आणत नाही.

आमची सोसायटी शनवारा दरवाजाच्या बाहेर, रस्त्याला लागून होती. एकवीस घरं, दोन रांगा, मध्ये कडुनिंबाचं अंगण. घरं कुणाच्या मालकीची नव्हती. मालक सोसायटी, आणि आम्ही सगळे तिचे सभासद, तिचेच भाडेकरू. दरमहा भाडं द्यायचं, त्यातच थोडी रक्कम सिंकिंग फंडाची. कचेरीतले कारकून, गिरणीतले हिशेबनीस, आम्ही दोन-तीन मास्तरणी, एक गुजराती कापडवाले, अशी आमची वस्ती. मराठी बोलताना निम्मं हिंदी यायचं आणि त्याची कुणाला लाज नव्हती.

माझे वडील या सोसायटीचे पहिले कोषाध्यक्ष. गिरणीतून निवृत्त झालेले हिशेबनीस. बोलायला एकदम मंद. तुम्ही त्यांना वेळ विचारली तर आधी घड्याळ काढतील, मग चष्मा पुसतील, मग सांगतील. पण आकडा मात्र त्यांचा कधी चुकला नाही. आणि आमचे अध्यक्ष म्हणजे कचेरीतले हेड क्लार्क, जिभेचे तिखट, चार माणसांत उभे राहिले की हशा पिकलाच पाहिजे. बाबांना ते 'काका' म्हणायचे. माझ्यासमोर तर नेहमीच. मला त्या 'काका'ची अजून चीड येते.

तर झालं असं. राज्यं नव्यानं जुळवली, नागपूर आमच्या हातून गेलं आणि राजधानी भोपाळला आली, तेव्हाची ही गोष्ट. सगळी सरकारी दफ्तरं गठ्ठे बांधून भोपाळच्या वाटेला लागली होती. त्याच वर्षी मागच्या रांगेतल्या दोन घरांच्या तुळया वाळवीनं पोखरल्या. छताची मापं घेण्यासाठी मिस्त्री बोलावला आणि पैशांचा विषय निघाला. अध्यक्षांनी मागच्या वर्षाचा ताळेबंद काढला. त्यात सिंकिंग फंड वेगळा, रिझर्व्ह फंड वेगळा लिहिलेला. यांनी दोन्ही आकड्यांची बेरीज केली, मग पासबुक उघडलं, आणि पासबुकात फक्त एकाच फंडाचे पैसे.

झालं! अंगणात सभा भरली. अध्यक्षांनी पासबुक वर धरून विचारलं, "काका, बाकीचे पैसे कुठे?"

बाबा उठले. उठायलाच त्यांना वेळ लागला. म्हणाले, "खंडव्याच्या बँकेत आहेत. पावती नागपूरला पाठवली."

हे अक्षरशः खरं होतं. कायद्याप्रमाणे रिझर्व्ह फंड सोसायटीच्या रोजच्या पैशांत मिसळायचा नसतो, बाहेर सुरक्षित गुंतवायचा असतो. बाबांनी तो जिल्ह्याच्या सहकारी बँकेत, खंडव्याला ठेवला होता, आणि ठेवीची मूळ पावती वार्षिक कागदांबरोबर नागपूरच्या सहकार खात्याला तपासणीसाठी गेली होती. नेमकं तेच दफ्तर तेव्हा गठ्ठ्यात बांधलं गेलं होतं. पण एवढं सगळं बाबांना चटकन सांगता येईना. ते पहिल्या वाक्यावरच थांबले, चष्मा काढून पुसू लागले.

अध्यक्षांना तेवढी फट पुरली. "वा!" ते म्हणाले. "पैसे खंडव्याला, पावती नागपूरला, नागपूर गेलं भोपाळला, आणि आपण बसलो तापीकाठी ठणठण गोपाळ!"

लोक हसले. एकवीस घरांची माणसं हसली. मी ओट्यावर बायकांत बसले होते, शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसत होती. अंगाची नुसती लाहीलाही झाली माझ्या. वाटलं उठावं आणि त्या माणसाच्या हातातलं पासबुक हिसकावून त्याच्याच तोंडावर मारावं. पण तेव्हा मी सभासद नव्हते, सभासदाची मुलगी होते.

त्या दिवशी प्रोसिडिंगच्या वहीत अध्यक्षांच्या हातानं ओळ लिहिली गेली: 'कोषाध्यक्षांनी सोसायटीची रक्कम समितीस न विचारता अन्यत्र हलविली असून तिचा समाधानकारक खुलासा झाला नाही.' खाली सह्या. बाबांनीही सही केली. विचारलं तर म्हणाले, "सभेत जे झालं ते वहीत आलं. सही नाकारायला आपण कोण?" असा माणूस!

पावती भोपाळहून परत यायला जवळजवळ वर्ष लागलं. पैसे पै न् पै निघाले, वर व्याज. तोवर बाबांनी राजीनामा दिला होता, शेअर माझ्या नावे केले होते आणि घराबाहेर पडणं बंद केलं होतं. पूर्वी रविवारी जैनाबादच्या बाजूला नदी ओलांडून ओळखीच्या केळीवाल्याकडे जायचे, तेही बंद. भाजी मी आणायची, पोस्टात मी जायचं. लोधीपुऱ्यात आत्याच्या नातीचं बारसं होतं, तिथंही आले नाहीत. म्हणाले, "तिथं चार माणसं विचारतील." मी ती पावती घेऊन अध्यक्षांच्या दारात गेले. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि परत दिली. "सापडलं ना? मग झालं तर. काकांना सांगा, मनावर घेऊ नका." वहीतल्या ओळीचं काय, असं मी विचारलं. "अहो बाई, जुन्या वह्या कोण वाचतं?"

मी वाचत होते. तीच ओळ मला पाठ होती.

पुढचे कोषाध्यक्ष बदली होऊन गेले, आणि कुणीच ते काम घेईना. तेव्हा सभेत अध्यक्षांनीच गंमत केली, "बाईंना करा! काकांचा हिशेब त्याच पुरा करतील." पुन्हा हशा. मी उभी राहिले आणि म्हणाले, "करते." हशा जरा अडखळला. मला गणित शिकवायची सवय, पोटनियम म्हणजे मला गणिताच्या पुस्तकासारखे वाटले. दोन वर्षं मी ते वाचले, कायद्याचं पुस्तक आणलं, ऑडिटरसाहेब आले की त्यांना चहाबरोबर मावा जिलबी देऊन तासतासभर प्रश्न विचारले. ते म्हणायचे, "बहनजी, इतना तो हमारे इन्स्पेक्टर भी नहीं पूछते." मी कशासाठी विचारत होते ते त्यांना कुठे ठाऊक? मी वाट बघत होते. आणि वाट बघणाऱ्याला देव संधी देतो की नाही ते माहीत नाही, पण मला सरकारनं दिली.

राज्यं बदलली तेव्हा सरकारी नोकरांची वाटणी रेंगाळत चालली होती. कुणी इकडे, कुणी मुंबई राज्यात. शेवटच्या याद्यांत आमच्या सोसायटीतले सहाजण मुंबई राज्याकडे लागले. अध्यक्षसुद्धा. आता जायच्या आधी यांच्या डोक्यात काय यावं? दोन्ही फंड सगळ्या सभासदांत वाटून टाकायचे! ठरावाचा कागद घरोघर फिरला: 'सभासदांच्या भाड्यातून व नफ्यातून जमलेली रक्कम सभासदांचीच असल्याने सर्वांना समप्रमाणात परत करण्यात यावी.' लोक खूश. जाणारेही खूश, राहणारेही खूश. फुकटचे पैसे कुणाला नकोत? मी तो कागद वाचला आणि, खरं सांगते, मला आनंद झाला. ज्या माणसाला हे दोन फंड म्हणजे काय ते चार वर्षांपूर्वी कळलं नव्हतं, त्याला ते अजूनही कळलेलं नव्हतं. आता त्याला ते मी शिकवणार होते, सगळ्यांसमोर.

रविवारी दुपारी सभा भरली. बाबांना मी म्हटलं, चला. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्या पाठीकडे बघून मी निघाले, आणि जाताना बजावलं, "आज मी ती ओळ मिटवून आणीन. नाही आणली तर माझं नाव बदला."

अध्यक्षांनी ठराव वाचला, टाळ्या झाल्या. मग म्हणाले, "कोषाध्यक्षबाई दोन शब्द बोलतील, म्हणजे औपचारिकता." मी उठले. शाळेत उभी राहते तशी उभी राहिले.

"दोन शब्द नाही," मी म्हणाले, "जरा जास्त. दोन फंड आहेत, तेव्हा आधी एकेकाचं बोलू. सिंकिंग फंड. तुम्ही दरमहा भाड्याबरोबर जे देता, ते. ते कशासाठी? घर बांधून झालं त्या दिवसापासून ते म्हातारं व्हायला लागतं. तुळई वाकणार, कौलं फुटणार, भिंतीला ओल येणार. हे घडेल की नाही असा प्रश्नच नाही, कधी घडेल एवढाच प्रश्न. जे नक्की येणार आहे त्याची तरतूद म्हणजे सिंकिंग फंड. आणि घर बांधायला जितका खर्च आला त्या हिशेबानं तो ठरतो, सभासदाच्या खिशाच्या हिशेबानं नाही."

"मग तो आमचाच की!" जाणाऱ्यांपैकी एक कारकून म्हणाला. चार मुलींचा बाप, नव्या गावी घर करायचं, त्याला खरोखर गरज होती. त्याच्यासाठी मला वाईट वाटलं. पण मी थांबले नाही.

"नाही," मी म्हणाले. "ती बचत नाही, भाऊ. तुम्ही इथं आठ वर्षं राहिलात. आठ वर्षं या छपराखाली झोपलात, आठ वर्षांची त्याची झीज तुम्ही वापरलीत. तिची ही भरपाई. ती परत नेलीत तर तुमच्या वाट्याची झीज तुमच्या घरात उद्या राहायला येणाऱ्यानं भरायची? त्यानं काय गुन्हा केलाय? म्हणून पोटनियमात लिहिलंय, सभासद गेला तर त्याच्या शेअरची रक्कम परत. सिंकिंग फंड नाही. तो घराचा."

मागून कुणीतरी पुटपुटलं, बायका मात्र माना डोलवत होत्या. घर कसं झिजतं ते बायकांना समजवावं लागत नाही.

"आता रिझर्व्ह फंड. हा तुमच्या भाड्याच्या हप्त्यातून येत नाही. वर्षाअखेर सोसायटीला जो नफा उरतो त्याचा चौथा हिस्सा कायद्यानं बाजूला काढायचाच, त्यात नव्या सभासदांची प्रवेश फी. हा कशासाठी? जे येईल की नाही ते माहीतच नाही, त्यासाठी. उद्या चार घरांचं भाडं थकलं, कोर्टात दावा लागला, तापीला पूर येऊन रस्त्याकडची भिंत गेली आणि वर्ष तोट्यात गेलं, तर सोसायटी उभी राहायची ती याच्यावर. आणि हा कुणालाच वाटता येत नाही. ना जाणाऱ्यांना, ना राहणाऱ्यांना. रजिस्ट्रारच्या परवानगीशिवाय त्याला हात लावला तर उद्या ऑडिटमध्ये या ठरावावर सह्या करणारे सगळे जबाबदार."

कापडवाले शेठ अस्वस्थ झाले. "तो बहनजी, दोन्ही एकाच ठिकाणी ठेवून लागेल तसे वापरले तर? आपलेच तर आहेत."

"शेठ, तोट्यासाठी सिंकिंगमधून काढले, की वाळवी लागेल त्या वर्षी तुळईला पैसे नाहीत. छपरासाठी रिझर्व्हमधून काढले, की भाडं थकेल त्या वर्षी सोसायटीचं दिवाळं. दोन संकटं एकमेकांची वाट बघत थांबत नाहीत. म्हणून दोन पेट्या, दोन कुलपं. एक भरली म्हणून दुसरी रिकामी चालत नाही."

शेठनी ठरावाच्या कागदावरची आपली सही बोटानं झाकली. मला हसू आलं, पण गिळलं. मी अध्यक्षांकडे वळले.

"साहेब, तुमचं वाचन फार चांगलं आहे. रिझर्व्ह फंड कुठं ठेवायचा, तो पोटनियम जरा वाचून दाखवता?" आणि उघडं पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं. ओळीखाली मी आदल्या रात्रीच पेन्सिलनं रेघ मारली होती.

ते म्हणाले, "बाई, तुम्हीच वाचा."

"नाही, तुमचा आवाज सगळ्यांपर्यंत जातो."

लोक बघत होते. वाचणं भाग पडलं. वाचलं: "राखीव निधी सोसायटीच्या व्यवहारात न वापरता जिल्हा सहकारी बँकेत अथवा रजिस्ट्रार मान्य करील अशा ठिकाणी गुंतविण्यात येईल."

"जिल्हा सहकारी बँक कुठं आहे, साहेब?"

त्यांनी पुस्तक मिटलं.

"आपला जिल्हा कुठला? शाळेत मुलीसुद्धा सांगतात."

"खंडव्याला," ते म्हणाले.

"जरा मोठ्यानं."

"खंडव्याला!"

"आणि वर्षअखेरचे कागद तेव्हा तपासायला कुठं जायचे?"

"नागपूरला." आता आवाज खरोखर खाली गेला होता.

"म्हणजे पैसे खंडव्याला आणि पावती नागपूरला," मी म्हणाले. "ज्यानं तसं केलं, त्यानं नियम पाळला की मोडला? आणि दोन फंडांची बेरीज करून एकाच पासबुकात शोधणाऱ्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा. हसू नका कुणी. त्या दिवशी पुष्कळ हसलात."

कुणी हसलं नाही. ओट्यावरची ती शेजारीण आपल्या पायाच्या बोटांकडे बघत होती. तिच्याकडे मी मुद्दाम दोनदा पाहिलं.

ठराव पडला. जाणाऱ्या सहांपैकी तिघांनीसुद्धा विरोधात हात वर केला, तो चार मुलींचा बापही. त्यानंतर मी म्हणाले, "आता वहीतल्या एका ओळीचं."

अध्यक्ष हलकेच माझ्याजवळ आले. "बाई, संध्याकाळी मी काकांकडे येतो. पायावर डोकं ठेवतो. घरातली गोष्ट घरात मिटवू."

"घरात घडली नव्हती," मी म्हणाले. "अंगणात घडली."

"बरं, मग ती ओळ खोडतो."

"प्रोसिडिंगमध्ये खाडाखोड चालत नाही, हेड क्लार्कांना मी सांगायचं? नवा ठराव लिहा. तुमच्या हातानं. मी सांगते तसं."

"तुमच्या वडिलांनी कधी मागितलं नाही."

"म्हणून मी मागतेय."

त्यांच्या शेअरची रक्कम परत द्यायच्या कागदावर माझी सही लागणार होती, आणि ती मी अजून केली नव्हती. मी ते बोलून दाखवलं नाही. त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. हा माझा अन्याय होता का? असेल. मला त्याचं काडीमात्र वाईट वाटत नाही, आजही नाही.

त्यांनी लिहिलं. मी सांगत गेले, ते लिहीत गेले: 'माजी कोषाध्यक्षांनी राखीव निधी नियमाप्रमाणे बँकेत गुंतविला होता. त्यांच्यावर घेतलेला संशय अध्यक्षांच्या अज्ञानातून घेतला गेला, याबद्दल ही सभा त्यांची क्षमा मागते.' 'अज्ञानातून' या शब्दावर लेखणी थांबली. "गैरसमजातून लिहू का?" त्यांनी विचारलं.

"अज्ञानातून," मी म्हणाले.

एकवीस सह्या झाल्या. वही छातीशी धरून मी घरी आले. बाबा अजून तसेच, भिंतीकडे तोंड करून. मी म्हणाले, "बाबा, उठा. वाचते." ते उठून बसले. मला वाटलं होतं ते म्हणतील, कशाला गं, झालं गेलं गंगेला मिळालं. जन्मभर त्यांनी मला हेच सांगितलं होतं. मी वाचलं.

"परत वाच," ते म्हणाले.

परत वाचलं.

"तो शब्द कुठला? मधला?"

"अज्ञानातून."

"परत वाच."

तिसऱ्यांदा वाचलं. बाबा माझ्याकडे सरकले. त्यांचा आवाज इतका हलका झाला होता की मला वाकावं लागलं. "त्यानं स्वतः लिहिलं? लिहिताना हात थरथरत होता का गं त्याचा?"

वही त्यांच्या पुढ्यात उघडी होती. चष्मा त्यांनी लावलेला नव्हता. हेड क्लार्कचं अक्षर, छापल्यासारखं, एक काना वाकडा नाही.

"थरथरत होता," मी म्हणाले. "खूप."

"असं?" बाबा म्हणाले. मग त्यांनी वही मिटली, मांडीवर ठेवली आणि त्या चार वर्षांत प्रथमच स्वतःहून म्हणाले, "भूक लागली. वाढ."